सहाशे डॉलरचे किती झाले?

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो. ज्या ज्या ठिकाणी मी विचारणा केली, त्या प्रत्येक ठिकाणाहून आम्ही काहीही जास्तीचं कापलेलं नाही असं नम्र उत्तर आलेलं आहे. सगळे खरं बोलत असणार. पैसे फक्त कमी येतात.

मी नगरच्या सावेडीत घरी बसून अमेरिकेतल्या ओहायोमधल्या लोकांच्या स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढतो. तिथलं एक छोटं ऑफिस कपाटांची मापं पाठवतं, मी त्यावरून सुताराला कापता येईल अशी ड्रॉइंग करून देतो. कोणाच्या सिंकखालच्या कपाटाचं दार किती इंच आणि इंचाचा कितवा भाग, हे मला त्या घरच्या माणसांपेक्षा जास्त माहीत असतं. महिन्याअखेरीला मी सहाशे डॉलरचं बिल पाठवतो. ते वेळेवर भागवलं जातं. इथपर्यंत कहाणी सुखाची आहे.

पैसे येतात ते एका प्लॅटफॉर्मवरून. त्याची व्यवस्था समजायला सोपी आहे. तो अमेरिकेत माझ्या नावाने एक खाते क्रमांक देतो, ऑफिस त्यात तिथल्या तिथे पैसे भरतं, आणि मग प्लॅटफॉर्म भारतातल्या आपल्या भागीदार बँकेमार्फत माझ्या खात्यात रुपये जमा करतो. फी एक टक्का, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. सहाशेचे सहा डॉलर गेले, उरले 594. एवढ्यावर कोणी कुरकुर करू नये आणि मीही करत नाही.

आता हिशेब सोपा राहावा म्हणून त्या दिवशीचा बाजारभाव डॉलरला 85 रुपये धरू. प्लॅटफॉर्मचा दर असतो 83 रुपये 30 पैसे. त्याच्या शेजारी 'आजचा दर' एवढंच लिहिलेलं असतं, आणि आजचा तो असतोच. 594 गुणिले 83.30 म्हणजे 49,480 रुपये. बाजारभावाने सहाशे डॉलरचे झाले असते 51,000. म्हणजे 1,520 रुपये वाटेत राहिले. त्यातले 510 रुपये त्या एक टक्का फीचे, जिचा बोर्ड लावलेला आहे. बाकीचे 1,010 दरात गेले, आणि त्यांचा उल्लेख पावतीवर, ईमेलमध्ये, मदत केंद्राच्या पानावर किंवा मदत केंद्राच्या उत्तरात कुठेही नाही. ज्या फीची मला माहिती दिली जाते ती लहान आहे. मोठी असते तिची माहिती देण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

हे ओळखायची युक्ती पाचवीतल्या मुलालाही येईल अशी आहे. खात्यात आलेल्या रुपयांना बिलातल्या डॉलरने भागायचं. वरच्या हिशेबात 49,480 भागिले 600, उत्तर 82 रुपये 47 पैसे. हा आपल्याला खरोखर मिळालेला दर. मग फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी डॉलरचा जो संदर्भ दर जाहीर करते, तो बघायचा. 2018 च्या जुलैपर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. दोन्हीतला फरक म्हणजे एकूण खर्च, मग त्याला कोणी काहीही म्हणो. माझ्या हिशेबात तो जवळपास तीन टक्के निघाला. शनिवारी पैसे काढले तर कधी कधी आणखी थोडा वाढतो, कारण बाजार बंद असताना सोमवारी काय होईल याची प्लॅटफॉर्मला काळजी वाटते आणि त्या काळजीचे पैसे मी देतो.

आपल्या जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. 1948 पर्यंत शेजारी बीड-औरंगाबादकडे निजामाचं राज्य होतं आणि तिथे हाली सिक्का चालायचा. शंभर इंग्रजी रुपयांना साधारण 116 हाली रुपये पडायचे. हद्दीपलीकडे बाजाराला जायचं तर पैसे बदलून घ्यावे लागत, आणि सराफ त्यावर बट्टा घ्यायचा. पण तो समोर बसलेला असायचा. त्याच्याशी भांडता यायचं. प्लॅटफॉर्मच्या मदत केंद्रात मी भांडायला गेलो तेव्हा एका सद्गृहस्थांनी मला समजुतीने कळवलं की चलनबदलाला ते वेगळी फी लावत नाहीत. माझा मुद्दाही नेमका तोच होता, पण त्यांनी चौकशी सोडवली असं समजून बंद केली आणि मला पाच तारे देण्याची विनंती केली.

मग मी थेट बँकेत डॉलर मागवून पाहिले. इथे मधली एक परदेशी बँक लागते, ती हात लावल्याबद्दल पंधरा डॉलर ठेवून घेते. पाठवणाऱ्याच्या फॉर्मवर खर्च कोणी सोसायचा असा प्रश्न असतो आणि तिथे 'दोघांनी मिळून' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. ते बदलायला सांगितलं तर ओहायोतल्या बाई म्हणाल्या, सिस्टीम घेत नाही. आले 585 डॉलर. बँकेने दर दिला 84.15, म्हणजे प्लॅटफॉर्मपेक्षा चांगला, झाले 49,228 रुपये. मग त्यातून जीएसटी गेला.

हा जीएसटी मला फार आवडतो. बँक म्हणते, चलन बदलायला आम्ही फी घेत नाही. केंद्रीय जीएसटी नियमावलीचा नियम 32 म्हणतो, घेत असणार. म्हणून एक लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का, किमान 250 रुपये, एवढी सेवा दिली गेली असं बँकेला मानता येतं आणि त्यावर अठरा टक्के कर बसतो. माझ्या बाबतीत 492 रुपयांची मानीव सेवा आणि तिच्यावर 89 रुपये. या सगळ्या साखळीत चलनबदल फुकट होत नाही हे मान्य करणारं एकमेव खातं सरकारचं आहे, आणि ते मान्य करण्याचे पैसे ते माझ्याकडून घेतं. हाती आले 49,139. म्हणजे प्लॅटफॉर्म 341 रुपयांनी परवडला. मी त्याच्याकडे परत गेलो, तेव्हा त्याने माझं पुन्हा स्वागत केलं.

बँकेच्या त्या एका व्यवहारातून आणखी एक लाभ झाला. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेने ठरवलेला उद्देशाचा कोड लावावा लागतो. माझ्या कामाला P1009, म्हणजे वास्तुरचनेच्या सेवा. शाखेतल्या मॅडम कामात होत्या, त्यांनी यादीतला नेहमीचा कोड लावला, P1301. तो असतो परदेशस्थ भारतीयांनी कुटुंबाच्या चरितार्थासाठी पाठवलेल्या पैशांचा. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे ओहायोतल्या कपाटवाल्यांनी माझ्या घरखर्चाची जबाबदारी घेतलेली आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग थोडे जास्त पाठवायला सांग की."

कोड चुकला की निर्यात निर्यात राहत नाही, आणि मी पारनेरच्या कांद्यासारखा निर्यातदार आहे. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण आमच्या सीएंच्या आग्रहाने मी ती घेतली आहे. त्यामुळे दरवर्षी नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी हमीपत्र भरावं लागतं, फॉर्म RFD-11, म्हणजे बिलावर कर न लावता माल, म्हणजे दार आणि ड्रॉवर, परदेशी पाठवता येतात. त्याबदल्यात पैसे परकीय चलनात आल्याचा पुरावा हवा. सीए म्हणाले, "बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचा दाखला आण."

प्लॅटफॉर्मवरून आलेल्या पैशांचा दाखला मागायला मी शाखेत गेलो. मॅडमनी खातं उघडलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "सर, हे पैसे मुंबईहून आलेत. एनईएफटी आहे. परदेशाचा काही संबंध नाही." त्यांचं बरोबर होतं. डॉलरचे रुपये झाले ते भागीदार बँकेत, आमच्या शाखेपर्यंत पोहोचले ते रुपयेच. दाखला द्यायचा तो त्या भागीदार बँकेने, आणि तिच्याकडे जायचं तर प्लॅटफॉर्मच्या पोर्टलवरूनच. तिथे तो मिळाला, पीडीएफमध्ये, योग्य कोडसह. रक्कम होती 594 डॉलर. बिल होतं 600 चं. सीएंनी विचारलं, "हे सहा कुठे गेले?"

ते सहा डॉलर, आणि दरात गेलेले हजार रुपये, आयकराच्या दृष्टीने माझीच मिळकत आहेत, कारण बिल पूर्ण रकमेचं आहे. व्यावसायिकांसाठीच्या अनुमानित कराच्या योजनेखाली एकूण जमेच्या निम्मा नफा धरून कर भरायचा असेल तर खर्च वेगळे वजा होत नाहीत. म्हणजे जे पैसे माझ्यापर्यंत आलेच नाहीत त्यांच्या निम्म्यावर मी प्रामाणिकपणे कर भरतो. सीए म्हणाले, "योजना चांगलीये, पुस्तकं ठेवावी लागत नाहीत." हे मात्र खरं आहे.

आता राहिला पत्ता. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. माझी त्यावर काही भूमिका नाही, मी फक्त बिलावर नवं नाव घातलं. प्लॅटफॉर्मच्या यादीत मात्र जनगणनेतलं AHMADNAGAR आहे, आधारवर AHMEDNAGAR, बँकेच्या नव्या स्टेटमेंटवर AHILYANAGAR. तीन कागदांवर तीन गावं बघून त्यांच्या पडताळणी विभागाने विचारलं, आपण नक्की कुठे राहता? तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल मागितलं. ते वडिलांच्या नावावर आणि मराठीत. वडील कोण, असा पुढचा प्रश्न आला. माझ्या नावातलं मधलं नाव तेच आहे हे मी कळवलं, तेव्हा ते म्हणाले की मधलं नाव त्यांच्या फॉर्ममध्ये ऐच्छिक आहे, त्यामुळे पुरावा धरता येत नाही.

शेवटी पडताळणी झाली. तोवर ओहायोतल्या हिशेब खात्याच्या लक्षात आलं होतं की या महिन्याच्या बिलावरचा पत्ता मागच्या बिलापेक्षा वेगळा आहे. त्यांच्या नियमाप्रमाणे पत्ता बदलला की पुरवठादार नवा. नवा पुरवठादार म्हणजे नवा अर्ज, आणि पहिल्यांदा एक डॉलर चाचणी म्हणून पाठवायचा. तो डॉलर लगेच आला. त्यांचं म्हणणं आहे की तो माझ्या भारतातल्या बँक खात्यात जमा झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवला की सहाशेचं बिल मंजूर होईल. प्लॅटफॉर्मवरून पैसे काढण्याची किमान मर्यादा पन्नास डॉलर आहे.