टी अधिक पाच

रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मध्यरात्री अंथरुणात वाचणारा माणूस एक तर बँकेचा अधिकारी असतो किंवा त्याचे १,४६० रुपये अडकलेले असतात. मी दुसऱ्या जातीचा.

शनिवारी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून श्रीखंड आणि बाकरवडी घ्यायला गेलो. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, बँकेचा मेसेज आला: पैसे कापले. ॲपमध्ये मात्र चाक फिरत राहिलं आणि शेवटी ‘पेंडिंग’ आलं. काउंटरवरच्या मुलानं डबीकडे बोट दाखवलं. ‘‘बॉक्स बोलला नाही, काका.’’

मी त्याला मेसेज दाखवला, शिल्लक दाखवली, मागच्या रांगेलाही दाखवली. एका आजोबांनी माझी शिल्लक जरा जास्तच निरखून पाहिली. अखेर पुन्हा रोख पैसे दिले आणि घरी आलो.

घरी आल्यावर मी ॲपवाल्यांचा नंबर नेटवर शोधला. पलीकडचा गृहस्थ इतका गोड बोलला की मला तिथंच शंका यायला हवी होती. ‘‘सर, रिफंडसाठी फक्त पिन टाका.’’ बायकोनं फोन हातातून काढून बंद केला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे तिला माहीत होतं. मग ॲपमधल्या त्याच व्यवहारावर जाऊन रीतसर तक्रार नोंदवली आणि बारा आकडी यूटीआर नंबर वहीत उतरवला. हेही तिनंच सांगितलं.

परिपत्रक २०१९ चं आहे. त्यातला ‘टी’ म्हणजे व्यवहाराची तारीख, कॅलेंडरची. म्हणजे रविवारही धरायचा. यूपीआयनं दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण दुकानात खात्रीचा निरोप पोचला नाही, तर टी अधिक पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. तेच एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले असतील, तर टी अधिक एक.

हे वाचताच मला वाटलं, क्यूआर दुकानाचा नसून मालकाच्या स्वतःच्या खात्याचा असला तर? मग पैसे रविवारीच! सकाळी दुकान उघडताच मी हजर. ‘‘हा क्यूआर व्यापारी खात्याचा, की तुमचा वैयक्तिक?’’ मालकाचा चेहरा पांढरा पडला. तो मला इन्कम टॅक्सवाला समजला. त्यानं आधी चहा मागवला, मग खातं व्यापारीच असल्याचे कागद दाखवले. चहा छान होता, पण पाच दिवस कायम राहिले.

पाच दिवस कशाला, हे मला मेव्हण्यानं समजावलं. तो बँकेत आहे. माझ्या बँकेनं पैसे कापले, पुढे दुकानदाराच्या बँकेकडून ‘जमा झाले’ असं उत्तर यायला हवं. ते वेळेत आलं नाही, म्हणजे पैसे पोचले नाहीत असं नव्हे. पैसे पोचून उत्तर तेवढं वाटेत हरवलेलं असू शकतं. तेव्हा लगेच परत केले तर एकाच रकमेचे दोन धनी व्हायचे. म्हणून दोन्ही बँका नंतर नोंदी जुळवतात. ‘‘आणि भाऊजी, नोंदीत पैसे दुकानदाराकडे जमा निघाले, तर आपोआप काही परत येणार नाही. ते त्याच्याकडूनच मागावे लागतील.’’

मग काय, यूटीआर घेऊन पुन्हा दुकान. मालकानं त्याच्या खात्याच्या यादीत तो नंबर शोधला, नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तेव्हा चहा आला नाही.

खरी गंमत परिपत्रकाच्या पुढच्या रकान्यात होती. पाच दिवस उलटल्यावर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता! शनिवार हा टी, म्हणजे गुरुवार ही मुदत आणि शुक्रवारपासून माझा मीटर सुरू. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर पुढे लोकपाल आहेच. मी कॅलेंडरवर शुक्रवारी गोल केला. महिनाभर पैसे आले नाहीत तर किती होतील, याचा हिशेब मांडला. व्याज यापेक्षा चांगलं कुठं मिळतंय?

बुधवारी मी शिल्लक पाहणंच सोडलं. न जाणो, पाहिली आणि पैसे दिसले तर! गुरुवारी रात्री जेवताना फोन वाजला नाही, तेव्हा मी खुशीत आणखी एक पोळी घेतली. शंभर रुपये जवळजवळ हातात होते.

अकरा वाजून गेल्यावर मेसेज आला: १,४६० रुपये जमा.

‘‘कुणाचं काही वाईट झालं का?’’ बायकोनं माझं तोंड बघून विचारलं.