करसवलतीसाठी कर्ज लांबवू नका

ऐरोली-महापेत पहिली नोकरी लागली की घरात हमखास कोणीतरी सांगतं, "शैक्षणिक कर्ज फेडायची घाई नको, व्याजावर करसवलत मिळते." हा सल्ला बहुतेक नव्या पगारदारांच्या काही कामाचा नाही. व्याजावरची ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही जास्तीत जास्त आठ वर्षं. २०२५-२६पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगाराला करच नाही. मग सवलत कशावर घ्यायची? ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यांचेही शंभर रुपये व्याजामागे सत्तरएक रुपये खिशातूनच जातात.

आता हिशेब बघा. समजा, कोपरखैरण्यातल्या मुलीने इंजिनिअरिंगसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख असे एकूण सहा लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज पहिल्या रकमेपासूनच चढत असतं. सरळव्याजाने ते दोन लाख दहा हजार होतं आणि हप्ता नसलेला काळ संपला की मुद्दलात मिळवलं जातं. हप्ते सुरू होताना देणं ८ लाख १० हजारांचं. हे टाळता आलं असतं: पहिल्या वर्षी महिन्याला १२५० रुपये, चौथ्या वर्षी पाच हजार, एवढं व्याज भरत राहिलं असतं तर मुद्दल सहा लाखांवरच थांबलं असतं. बापाचा पगार तेवढा ताण सोसत असेल तर जरूर भरावं.

पुढे ती १५ वर्षांची मुदत घेते. हप्ता सुमारे ८७०० रुपये. सात वर्षांत फेडायचं ठरवलं तर साधारण १३,४५०. महिन्याला पावणेपाच हजार जास्त, पण एकूण व्याज जवळपास ४ लाख ३५ हजारांनी कमी. आणि आईवडिलांच्या घरी राहून नोकरी करणाऱ्यांना हे पावणेपाच हजार निघतात. घरभाडं सुरू झालं की निघत नाहीत, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं महत्त्वाची.

तरी तीन-चार महिन्यांचा खर्च आधी बाजूला ठेवा. वडील सहकर्जदार असतात. नोकरी गेली आणि हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल बिघडतो. म्हणून मी कागदावर लांबची मुदत ठेवून वर जादा रक्कम भरण्याच्या बाजूची आहे. अडचणीच्या महिन्यात फक्त लहान हप्ता भरला तरी चालतो. शिवाय बदलत्या व्याजदराच्या कर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही.

जादा रक्कम भरताना मात्र लेखी सांगा: मुद्दलातून वळती करा, हप्ता तोच ठेवा, मुदत घटवा. नाहीतर काही वेळा ती पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहते. पुढच्या महिन्याचा खातेउतारा काढून शिल्लक मुद्दल तेवढ्याने उतरलंय का, ते तपासा. उतरलं नसेल तर त्याच आठवड्यात शाखेत जा.