नुसता नकाशा

रात्री साडेदहाच्या सुमारास फोनवर एक फोटो येतो. चौकटीच्या वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या बॉलपेनने काढलेलं एक घर, कागदावर पंख्याची सावली आणि कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा. वर नमस्कार नाही, खाली प्रश्न नाही. पाठवणाऱ्याला आपण नकाशेकाका म्हणू. ते काकूही असू शकतात, पण अंगठा बहुतेक वेळा काकांचा असतो. ओळखीत कुणी आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर किंवा नुसता ‘ऑटोकॅड येणारा’ भाचा असला की हे काका आपोआप तयार होतात. फोटो पाठवला की काम झालं, अशा समाधानाने ते झोपी जातात. जागा राहतो तो भाचा. काकांना मापं तपासून हवीत, पलंग-कपाट कुठे बसेल ते हवं, की हाच नकाशा जरा नीट काढून हवाय?

काकांना आळशी म्हणणं सोपं आहे, पण ते चूक आहे. आळशी माणूस टेप घेऊन पलंगाखाली शिरत नाही. काकांनी दोन संध्याकाळी खर्च करून घर मोजलेलं असतं. त्यांच्या मौनाचं कारण वेगळं आहे. ‘मला फर्निचरचा लेआउट काढून दे’ असं लिहिलं की ते काम होतं, आणि कामाला फी असते. नुसता कागद पाठवला तर ती फक्त माहिती होते. समोरचाच आपणहून म्हणाला, ‘काका, मी काढून देऊ का?’ तर काका ‘अरे, तुला वेळ असेल तर’ म्हणायला मोकळे. लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या ताटाकडे न बघता जिलबी वाढून घेण्याची ही आपली जुनी कला आहे. म्हणून ‘काय करायचंय याचं?’ असं थेट विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही, सहज. बघ जरा.’ त्यापेक्षा कागदालाच विचारलेलं बरं. काका गप्प असले तरी त्यांचं पेन बरंच बोलतं.

कागदावर पहिल्यांदा दारं बघावीत. दार म्हणजे भिंतीतली नुसती फट असेल, तर काकांचं डोकं आकड्यांत आहे. दाराला पाव वर्तुळ काढून ते कुठल्या बाजूला उघडतं हे दाखवलं असेल, तर दारामागे काय मावेल याचा विचार त्या घरात सुरू झालाय. कुठे उशा काढल्यात का, तेही बघावं. रिकाम्या खोलीत कुणी उशा काढत नाही. एका चौकोनात दोन छोटे चौकोन दिसले म्हणजे डबल बेडवर घरात चर्चा होऊन गेलीय आणि ती मिटलेली नाही. तेच पान तिसऱ्यांदा, पट्टी लावून, दोन रंगांत काढलं असेल आणि ‘हॉल’ हा शब्द गिरवून ठळक केला असेल, तर तो नकाशा कुणाला तरी दाखवायचाय आणि काकांना आपल्या अक्षराची लाज वाटतेय. एका कोपऱ्यात बाण आणि बाणाच्या टोकाला ‘उ’ दिसला, तर मात्र तिन्ही तर्क बाजूला ठेवावेत. ती उत्तर दिशा आहे. प्रश्न किचनमधल्या गॅसच्या तोंडाचा आहे आणि त्यासाठी दुसरे तज्ज्ञ असतात.

पण खुणा काहीही सांगोत, हात आधी मापांनाच घालावा असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण खुद्द कागदावरच असतं. समजा, काकांनी हॉलची रुंदी १० फूट लिहिलीय, त्याला लागून असलेल्या बेडरूमची १०.६ आणि खाली एकूण २०.६. बेरीज अगदी बरोबर आहे, आणि ती बरोबर आहे हीच चूक आहे. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत असते आणि भिंतीला जाडी असते. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच प्लास्टर केल्यावर साडेपाच इंचांच्या आसपास जाते. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत खरोखर टेप धरली असती, तर २१ फुटांच्या जवळ आकडा आला असता. २०.६ हा आकडा टेपने दिलेला नाही, तो जेवणाच्या टेबलावर बेरजेने आलेला आहे. उलट त्या जागी २० फूट ११ इंच असं अवघड काहीतरी लिहिलेलं असतं, तर काकांनी सगळं सरकवून सलग मोजलं असं मानायला हरकत नव्हती. खरी मापं फारशी गोंडस नसतात.

त्यातून ते १०.६ म्हणजे काय, हा आणखी एक घोळ. काकांच्या मनात ते दहा फूट सहा इंच आहे, कॅल्क्युलेटरच्या लेखी ते दहा पूर्णांक सहा दशांश फूट, म्हणजे १० फूट आणि सात इंचांहून थोडं जास्त. इथे फरक इंचभराचाच आहे. पण १० फूट रुंदीच्या खोलीची लांबी १० फूट ११ इंच असेल आणि काकांनी १०.११ असं लिहून गुणाकार केला, तर १०९ चौरस फुटांची खोली १०१ चौरस फुटांची होते. मग रात्री अकरा वाजता ‘बिल्डरने आठ फूट खाल्ले’ असा शोध लागतो. शिवाय रेराच्या २०१६च्या कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे, तिच्यात घरातल्या आतल्या भिंतींची जागा धरलेली असते. काकांनी नुसत्या खोल्या बेरजेला घेतल्या तर आकडा करारातल्यापेक्षा कमी येणारच, तेही कुणी काही न खाता. तिसरी गोष्ट टेपच्या डबीची. ती जवळपास तीन इंचांची असते आणि डबी भिंतीला टेकवून आतलं माप घेताना तिची लांबी धरायची असते. बऱ्याच टेपांवर ती छापलेलीही असते. ती विसरली तर सगळ्या खोल्या सारख्याच आखूड निघतात. ही चूक इतकी शिस्तबद्ध असते की तिचा संशयच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, काकांना नुसतं कपाट कुठे ठेवायचं एवढंच सांगा, दोन-तीन इंचांनी काय बिघडतं? तर ती बेडरूम घेऊ, १० बाय १० फूट ६ इंच. भिंतीला दोन फूट खोल कपाट, त्याच्या समोरच्या भिंतीला डोकं लावून साडेसहा फूट लांब पलंग. साडेदहातून साडेआठ गेले, मध्ये उरले दोन फूट. कपाटाचं दार दीड-पावणेदोन फुटांचं असतं. ते उघडेल, पण उघडणाऱ्याला पलंगावर बसून साडी काढावी लागेल. टेपची डबी उलट बाजूने चुकलेली असली, म्हणजे एकदा विसरली म्हणून काकांनी सावधपणे ती दोनदा मोजली, तर ते दोन फूट पावणेदोनच भरतात, आणि दाराची कड थेट गादीला जाऊन भिडते. सरकत्या दारांचं कपाट करा म्हणावं, तर त्याला खोली आणखी दोन-तीन इंच लागते. म्हणजे फर्निचरचा सगळा वाद त्या दोन-तीन इंचांतच चाललेला असतो. ते इंच पक्के नसतील तर पलंग कागदावर कुठेही सरकवावा, त्यात गंमत आहे, उपयोग नाही.

राहिला नीट काढून देण्याचा मुद्दा. भाच्याला हा सगळ्यात सोपा वाटतो. कशाला डोकं चालवा, अर्ध्या तासात सरळ रेघा मारू आणि पाठवून देऊ. माझा सगळ्यात जास्त आक्षेप याच उत्साहाला आहे. काकांच्या वाकड्या रेघेवर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, सुतार तर नाहीच. तो येऊन स्वतः मोजतो. तोच आकडा संगणकावर, बारीक बाणांच्या मध्ये, सुबक अक्षरांत छापून आला की त्याला वजन येतं. सुतार म्हणतो, ‘साहेब, प्लॅनमध्ये साडेदहा आहे,’ आणि प्लायवूड कापायला घेतो. शिवाय फोटो तिरका घेतलेला असतो. कॅमेऱ्याजवळचं बाथरूम दणदणीत दिसतं आणि लांबचा हॉल निमुळता होत जातो, त्यामुळे फोटोवरून गिरवून काढलेलं घर हे काकांचं घर नसतंच.

आता रास्त आक्षेप असा, की काकांना खरंच सुबक प्रत हवी असेल तर? फ्लॅट भाड्याने द्यायचाय, एजंटला दाखवायला एक चित्र हवंय, तिथे साडेपाच इंचांची भिंत काढून बसणं म्हणजे मुलगी बघायला आलेल्यांना पत्रिकेतलं गणित समजावणं. हे मान्य. एजंटकडे जाणाऱ्या कागदावर मापं ‘अंदाजे’ असं लिहून सरळ रेघा मारून द्याव्यात, वाद संपला. पण म्हणूनच ‘तुम्हाला काय हवंय’ हा प्रश्न निकामी आहे. काकांना ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी ते मागायचा संकोच असतो. प्रश्न दुसरा विचारावा: ‘काका, हा कागद कुणाच्या हातात द्यायचाय?’ याचं उत्तर द्यायला संकोच वाटत नाही, कारण यात काही मागायचं नाही, फक्त सांगायचंय. एजंट म्हणाले तर सुबक प्रत. ‘घरीच, हिला दाखवायचाय’ म्हणाले तर उशांचा प्रश्न. ‘सुताराला’ म्हणाले तर सगळं थांबवून आधी टेप.

आणि उत्तर बहुतेक सुतारच असतं, ‘सकाळी नऊला येतोय’ या पुरवणीसह. मग काकांना एकच काम सांगावं: बेडरूमचे दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. १० बाय साडेदहाच्या खोलीचा कर्ण बरोब्बर साडेचौदा फूट यायला हवा. दोन्ही तेवढेच आले तर मापंही खरी आणि कोपरेही काटकोनात. दोन्ही सारखेच पण आखूड आले तर टेपच्या डबीवर संशय घ्यावा. एक मोठा आणि एक लहान आला तर खोली तिरकी आहे आणि कपाट एका टोकाला भिंतीपासून फाकणार. सगळं एवढं सविस्तर लिहून पाठवावं. काका ते वाचतात, दोन निळ्या खुणा उमटतात, घरात दिवा लागतो, पलंग सरकवल्याचा आवाज येत असणार. वीस मिनिटांनी उत्तर येतं. फोटो. तेच पान, तोच अंगठा, बेडरूममधून एक तिरकी रेघ, दोन नव्हे, एकच, आणि रेघेवर लिहिलेलं: १४.६.