कोर्टाचा आदेश आणा

प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी दत्तकपत्र उलटंपालटं केलं, उजेडासमोर धरलं, दुय्यम निबंधकांचा शिक्का अंगठ्याने घासून पाहिला आणि निकाल दिला, "हे नाही चालणार. कोर्टाचा आदेश आणा."

समोर आमच्या सोसायटीतलं जोडपं उभं होतं. धाकट्या दिराचा मुलगा त्यांनी रीतसर दत्तक घेतलाय. देणाऱ्यांच्या सह्या, घेणाऱ्यांच्या सह्या, साक्षीदार, नोंदणी, सगळं जागच्या जागी. जन्मदाखल्यावर मात्र अजून जन्मदात्यांचीच नावं, म्हणून दत्तकपत्र दाखवावं लागलं.

आता गंमत अशी की, आईबापांनीच हिंदू दत्तक कायद्याखाली मूल दिलं-घेतलं तर कोर्टाचा आदेश निघतच नाही. 1956 च्या त्या कायद्यात कोर्टाची परवानगी लागते ती पालकाने, म्हणजे गार्डियनने, मूल दत्तक दिलं तर. उलट कलम 16 सांगतं की दोन्हीकडच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त कोर्टापुढे आला, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झालंय असं कोर्टाने धरून चालावं. चूक म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी. थोडक्यात, न्यायाधीशसाहेब या कागदावर विश्वास ठेवायला बांधील आहेत. खिडकीतल्या बाई नाहीत.

तरी आणूच म्हटलं आदेश. दावा लावायचा. कोणाविरुद्ध? सख्ख्या भावाविरुद्ध. "प्रतिवादीने आपला मुलगा वादीला दिला हे जाहीर व्हावे." प्रतिवादी पहिल्याच तारखेला हात जोडून सांगणार, "दिला ना साहेब, मीच दिला, पेढेही मीच वाटले." साहेब विचारणार, मग वाद कसला? वकील खाकरून म्हणणार, "पहिलीच्या प्रवेशाचा." मग पुढची तारीख. मग वकिलांच्या पुतणीचं लग्न, मग दिवाळीची सुट्टी, मग साहेबांची बदली, नव्या साहेबांपुढे पुन्हा हात जोडणं, पुन्हा पेढ्यांची साक्ष, पेढेवाल्याला समन्स. निकाल लागेल तेव्हा वादीचा मुलगा स्वतः वकील होऊन शेजारच्या कोर्टात उभा असेल. फक्त पहिलीत गेलेला नसेल.

हे झालं दस्तवाल्यांचं. संस्थेतून मूल आणणाऱ्यांकडे आदेश असतो, तर त्यांना काय सांगतात? बरोबर ओळखलंत. "नोंदणीकृत दत्तकपत्र आणा." बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकात आदेश हाच शेवटचा कागद, वेगळं दत्तकपत्र नोंदवणं बंधनकारक नाही. त्यातून 2021 च्या दुरुस्तीने हे आदेश देण्याचं काम कोर्टाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे गेलं, ती दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. म्हणजे कलेक्टरची सही घेऊन जावं, तर खिडकी म्हणणार, "यावर कोर्टाचा शिक्का कुठेय?"

पासपोर्टची तर याहून मजा. देशातल्या देशात दत्तक घेतलेल्या मुलासाठी नोंदणीकृत दत्तकपत्राची सक्ती डिसेंबर 2016 मध्येच काढून टाकली. दस्त नसेल तर साध्या कागदावर दत्तकाची घोषणा लिहून दिली तरी चालेल, असं जाहीर झालं. मूल त्या कागदावर जर्मनीला जाऊ शकतं. चौकातल्या शाळेत नाही.

आणि शाळेला मुळात हवंय काय? शिक्षणहक्क कायद्याचं कलम 14 प्रवेशासाठी वयाचा पुरावा मागतं, आणि तो नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हेही तिथेच, दुसऱ्याच ओळीत लिहिलंय. बापाच्या बापपणाचा पुरावा त्यात कुठेच नाही. माझ्या मुलाच्या वेळी मला कोणी विचारलं नाही की हा तुमचाच कशावरून. दवाखान्यातल्या फॉर्मवर मी नाव सांगितलं, झालं. संस्थेतून मूल घेणाऱ्यांची मात्र मिळकत तपासतात, तब्येत तपासतात, घरी येऊन खोल्या पाहतात, शेजाऱ्यांना विचारतात. देशात सरकारने पारखून घेतलेले आईबाप कोण, तर हे. संशय यांच्यावर!

माझा खरा संताप वेगळाच आहे. बाईंनी हे सगळं मोठ्याने विचारलं. रांगेत पंधरा पालक, हाताशी सहा वर्षांचा पोरगा, आणि खिडकीतून खणखणीत प्रश्न, "मग याचे खरे आईवडील कुठे असतात?" वर तीन झेरॉक्स ठेवून घेतल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी टेबलावर उलटी पडलेली होती, मागच्या कोऱ्या बाजूवर वह्यांच्या दरांची बेरीज. एका घराचं सगळं खाजगी आयुष्य, आणि हिशेबाला कच्चा कागद!

जोडप्याला मी एवढंच सांगितलं: वाद घालू नका. "प्रवेश का नाही ते शाळेच्या लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या" म्हणा, आणि खिडकीतून पेन आत सरकवा. बाई म्हणाल्या, "थांबा, सरांना विचारते." सरांनी फॉर्म घेतला.