उतार कोणाचा?

अर्थशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक मोठा सुखाचा क्षण येतो. एका रकान्यात भाव, दुसऱ्यात खप, दोन्हींचे लॉग घेतलेले, रिग्रेशन चालवलेलं आणि पडद्यावर उताराचा आकडा उगवलेला: उणे ०.५४. आता फक्त एक वाक्य लिहायचं उरतं. "भाव एक टक्क्याने वाढला, तर मागणी ०.५४ टक्क्याने घटते." खाली मार्गदर्शकांचे आभार, आणि प्रकल्प बाइंडिंगला.

लॉगने हे सुख मिळतं, त्याला कारण आहे. साधी सरळ रेषा काढली तर तिचा उतार 'रुपयामागे इतके किलो' असं बोलतो. किलोचे क्विंटल केले की आकडा बदलला, रुपयाचे डॉलर केले की पुन्हा बदलला. लॉग मात्र गुणाकाराची बेरीज करतो. एकक बदललं की सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणलं जातं, लॉगमध्ये ती संख्या नुसती मिळवली जाते, आणि ती जाऊन बसते रेषेच्या स्थिरांकात. उताराला त्याचा पत्ताही लागत नाही. तो टक्क्याला टक्क्याने उत्तर देतो, आणि यालाच आपण पाठ्यपुस्तकात लवचिकता म्हणतो. मासळी न्यूयॉर्कची असो की भाऊच्या धक्क्यावरची, दोन्हींची लवचिकता शेजारी मांडता येते.

तो उणे ०.५४ मी हवेतून आणलेला नाही. तो न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजारातला आहे. कॅथरिन ग्रॅडी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी तिथे एका घाऊक विक्रेत्याकडून डिसेंबर १९९१ ते मे १९९२ या काळातली व्हाइटिंग नावाच्या माशाची विक्री नोंदवली. एकूण १११ दिवसांचे भाव आणि खप. रोजच्या खपाचा लॉग रोजच्या भावाच्या लॉगवर बसवला की उतार येतो सुमारे उणे ०.५४. म्हणजे मासळी महागली तरी गिऱ्हाईक फारसं हलत नाही. विक्रेत्याने खुशाल भाव वाढवावा असाच हा आकडा.

पण त्या १११ ठिपक्यांमध्ये गिऱ्हाईक एकटं नाही. प्रत्येक ठिपका हा त्या दिवशी घेणारा आणि देणारा यांच्यात झालेल्या तडजोडीचा आहे. एखाद्या दिवशी लोकांना मासे जास्त हवे असतात. त्या दिवशी भावही चढतो आणि खपही. दुसऱ्या एखाद्या दिवशी जाळ्यात मासाच कमी येतो. तेव्हा भाव चढतो आणि खप उतरतो. पहिल्या प्रकारचे दिवस रेषेला वर ओढतात, दुसऱ्या प्रकारचे खाली. आपली रेषा बिचारी या ओढाताणीच्या मधून जाते, आणि आपण तिच्यावर 'मागणी' अशी पाटी लावून मोकळे होतो.

या पाटीचा सगळ्यात गमतीदार बळी म्हणजे कोलंबिया विद्यापीठातले हेन्री मूर. त्यांनी १९१४ साली कच्च्या लोखंडाच्या भावाचा आणि खपाचा मेळ घातला, तर मागणीची रेषा चक्क वर जाताना दिसली. भाव वाढतोय तशी मागणीही वाढते! आपण नव्या प्रकारचा मागणीचा नियम शोधला, असं मूर यांनी जाहीर केलं. खरं तर तेजीच्या काळात कारखान्यांना लोखंड जास्त लागतं, म्हणून भावही वाढतो. मागणीच जागा बदलत होती, आणि मूर यांनी त्या बदलांमागून जाणारा पुरवठ्याचा उतार टिपला होता. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी ते दाखवून दिलं. याच राइट यांच्या १९२८ च्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात गुंता सोडवण्याची युक्तीही आली: घेणाऱ्याशी काही संबंध नसलेलं, पण देणाऱ्याला हलवणारं असं एखादं कारण शोधा.

ग्रॅडी यांना असं कारण समुद्रात सापडलं. वारा जोरात असला, लाटा उंच असल्या की होड्यांना मासे कमी मिळतात. पण उपाहारगृहात माशाची वाट पाहत बसलेल्या माणसाची भूक लाटेच्या उंचीने ठरत नाही. किनाऱ्यावरही पाऊस-थंडी असेल तर माणूस घरीच बसेल, म्हणून जमिनीवरच्या हवामानाचाही हिशेब वेगळा घेऊन पाहिला. मग भावातला फक्त तेवढाच चढउतार उचलायचा जो वादळामुळे झाला, आणि तेवढ्यावर खप कसा बदलला ते बघायचं. आता उतार आला सुमारे उणे १.०८. आधीच्या दुप्पट. मघाशी भाव वाढवायला निघालेल्या विक्रेत्याने आता बेतानं घ्यावं. अर्थात इथेही छाती फुगवायला फार जागा नाही. या नव्या आकड्याची प्रमाण त्रुटी जवळजवळ अर्ध्याची आहे. वादळाने चुकीचा अर्थ बाजूला सारला, पण त्याच्याबरोबर नेमकेपणाही बराच वाहून गेला.

आणि या उणे १.०८ मध्ये आणखी एक गंमत दडली आहे. भाव दुप्पट झाला, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढला, तर खप किती घटेल? विद्यार्थी त्रैराशिक मांडतो: १०८ टक्के. म्हणजे गिऱ्हाइकाने मासे घ्यायचे तर नाहीतच, उलट घरचे थोडे आणून द्यायचे! 'टक्क्याला इतके टक्के' हे वाचन लहान बदलांपुरतं खरं. मोठा बदल असला की घात काढावा लागतो. दोनाचा उणे १.०८ वा घात ०.४७ येतो, म्हणजे घट साधारण ५३ टक्के. कुणालाही घरातून मासे आणावे लागत नाहीत.

माझ्या भाचीने प्रकल्पाला कांदा घेतला आहे: लासलगावची रोजची आवक आणि भाव. "मामा, मासळीचं ठीक आहे, पण माझं वादळ कुठलं?" तिचा प्रश्न. अवकाळी पाऊस, मी म्हटलं.

"पण उन्हाळ कांदा तर चाळीत असतो ना? पाऊस झाला, पुढे टंचाई होणार असं वाटलं, की शेतकरी आजचा कांदाही थांबवतो. व्यापारीही उद्याच्या भावाकडे बघून आज जास्त उचलतो. म्हणजे तुमचं वादळ दोघांच्याही घरात शिरलं."

मासळी थांबत नाही, कांदा थांबतो. त्यामुळे न्यूयॉर्कची युक्ती नाशिकला जशीच्या तशी चालत नाही, हे तिने मला पाच मिनिटांत समजावलं. मग तीच म्हणाली, की ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा परदेशी गिऱ्हाईक एका आदेशाने बाजारातून उठलं. तो धक्का घेणाऱ्याच्या बाजूचा. त्या दिवसांतले भाव आणि आवक घेतली, तर उतार शेतकऱ्याचा मिळेल, गृहिणीचा नाही. तोही चाळीतला कांदा किती, हे हिशेबात धरूनच.

तिच्या अहवालातलं वाक्य आता असं आहे: "हा उतार ०.३ असो की ३, भाव त्या दिवसांत कशामुळे हलला हे सांगितल्याशिवाय त्याला मागणीची लवचिकता म्हणता येणार नाही." मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं आहे, 'वाक्य लांब आहे, लहान करा.' भाची म्हणते, लहान केलं की ते पुन्हा सुरुवातीच्या वाक्यासारखं होतं, म्हणून तिने उलट चाळीची तळटीप जोडली आहे.