परस्पर

मराठीत एक शब्द असा आहे की त्याचे दोन अर्थ एकमेकांशी बोलत नाहीत. परस्पर म्हणजे एकमेकांशी, दोघांच्या संमतीनं. आणि परस्पर म्हणजे दुसऱ्याला न विचारता, आपलं आपण. परस्पर प्रेम म्हटलं की पहिला, परस्पर घर विकलं म्हटलं की दुसरा. दोन जिल्ह्यांतल्या दोन मास्तरांनी जागांची अदलाबदल केली की सरकार तिला ‘आपसी बदली’ म्हणतं, ‘परस्पर बदली’ म्हणत नाही. मला वाटतं, मंत्रालयात कुणीतरी आमच्या सरांना ओळखत असावं.

सर आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मीही तिथंच. शाळा जिंतूर तालुक्यात, पण रोडटच, म्हणजे बसमधून उतरलं की चिखल न तुडवता वर्गात. परभणीहून अपडाऊन करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. सरांनी ही शाळा नशिबानं नाही, अभ्यासानं मिळवली. बदल्या ऑनलाइन झाल्यापासून सरांइतके शासन निर्णय परभणी जिल्ह्यात कुणी वाचले नसतील. 27 फेब्रुवारी 2017 चा आणि 7 एप्रिल 2021 चा, हे दोन निर्णय तर त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ. लग्नाची तारीख ते दरवर्षी वहिनींना विचारतात. विचारतात म्हणाल तर तेवढंच.

बदल्यांचा मोसम आला की मधल्या सुट्टीत सरांपुढं रांग लागते. कुणाला संवर्ग एकमध्ये बसायचंय, कुणाला तीस शाळांचा पसंतीक्रम लावून हवाय. पण सरांची खरी मास्टरी संवर्ग दोनमध्ये, म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण. नवरा सोनपेठकडं, बायको सेलूकडं, दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, तर त्यांना जवळ आणायची ही सोय. अंतर रस्त्यानं मोजायचं, मनानं नाही, आणि त्याचा दाखला बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून आणायचा. अठ्ठावीस भरलं तर संसार जवळच आहे असं समजायचं, बत्तीस भरलं तर दूर. अशी किती जोडपी सरांनी जुळवून दिली! आणि प्रत्येक नवऱ्याला ते चष्म्यावरून बघत एक प्रश्न हमखास विचारणार : “वहिनींना विचारलं का? नाय, नंतर कटकट नको.”

त्यांच्या घरी ही कटकट कधीच झाली नाही. कारण विचारणंच झालं नाही.

पहिली बदली झाली तेव्हा ते मानवतला राहायचे. वहिनींना बातमी दूधवाल्यानं दिली. सकाळी दारात माप उलटं करताना तो म्हणाला, “ताई, एक तारखेपासून बंदच ना? सरांनी हिशेब केला.” वहिनींना वाटलं, सरांना साखर निघाली. दिवसभर त्या बिनसाखरेचा चहा देत राहिल्या आणि सरांनी तो गुपचूप प्यायला, कारण विषय निघायला नको होता. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला कपाट मोजायला आला, तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्या वेळी सेलूहून परभणीला आले, तेव्हा निदान घरमालकानं सांगितलं. वहिनी म्हणतात, यांची प्रगती आहे, दूधवाल्यावरून घरमालकावर आले.

इथं एक सांगायला हवं. सर दुष्ट नाहीत, वहिनींवर जीव आहे त्यांचा. गंगाखेडच्या जत्रेतून न चुकता बांगड्या आणतात, मापाच्या आणतात. त्यांचं म्हणणं एवढंच की कच्च्या गोष्टी घरात बोलू नयेत. “पक्कं झालं की सांगतोच की. आधी सांगून तिच्या डोक्याला ताप कशाला?” ही माया खरी आहे, आणि हाच त्यातला घोळ आहे. कारण तो ताप ते बाकी सगळ्यांच्या डोक्याला देतात. केंद्रप्रमुखांना माहीत, पंचायत समितीतल्या बाबूला माहीत, जिंतूर नाक्यावरच्या चहावाल्याला पसंतीक्रमासकट माहीत. अख्ख्या जिल्ह्यात बातमी न पोचलेलं घर एकच.

असा माणूस ओळखायचा कसा, हे वहिनींनी मला शिकवलं. तो अचानक खोकी जपायला लागतो. दिवाळीला नवा सोफा घ्यायचा म्हटलं की “बघू, पुढल्या वर्षी” म्हणतो. भिंतीला खिळा मारू देत नाही. आणि रात्री जेवताना, ताटाकडं बघत, सहज म्हणून विचारतो : “लातूरची हवा कशी असंल गं?”

हा प्रश्न गेल्या वेळी आला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “2016 ला त्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. हवेचं काय घेऊन बसलात?” सर हसले आणि भाकरी मोडली. वहिनींना वाटलं, विषय संपला.

लातूर जिल्हा सरांचा. भाऊ तिथं, वाटणीची जमीन तिथं. परत जायचं मनात येणं यात गैर काहीच नाही. पण तालुक्यातून तालुक्यात जाणं वेगळं आणि आंतरजिल्हा वेगळं. वहिनीही जिल्हा परिषदेतच शिक्षिका आहेत, हे मी अजून सांगितलं नाही. सरही बऱ्याचदा विसरतात. जिल्हा बदलला की पगार तोच राहतो, पेन्शनला जुनी नोकरी धरतात, पण सेवाज्येष्ठता शून्य होते. वीस वर्षं झालेला मास्तर नव्या जिल्ह्याच्या यादीत काल लागलेल्या पोराच्या खाली जाऊन बसतो. आता सर लागले उशिरा. इथल्या यादीत त्यांचं नाव इतकं खाली की पान उलटून बघावं लागतं. त्यांचं शून्य झालं काय आणि न झालं काय. वहिनी मात्र त्यांच्या आधी आठ वर्षं लागलेल्या. मुख्याध्यापकाच्या पदोन्नतीच्या यादीत त्यांचा नंबर तिसरा. म्हणजे एका बदलीत सरांचं जाणार होतं काहीच नाही, आणि वहिनींचं सगळं. हे गणित सरांना येत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर त्यांनीच लाल पेनानं अधोरेखित केलं असतं.

दोघांच्या नोकऱ्या एकाच जिल्ह्यात, त्यामुळं एकत्रीकरणाचा मार्ग इथं बंद. दोघांनी वेगवेगळे अर्ज करायचे, आणि लातूरच्या बिंदुनामावलीत आपापल्या प्रवर्गाची जागा रिकामी असेल तर ज्याची त्याची बदली. एकाची झाली आणि एकाची राहिली, असंही होतं. त्यावरही सरांनी तोड काढून ठेवली होती : आपण आधी पोचायचं, मग बायको पुढल्या फेरीत एकत्रीकरणात आपोआप बसते. आपोआप हा सरांचा फार लाडका शब्द.

अडचण एकच. वहिनींचा अर्ज वहिनींच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय उघडत नाही.

रविवार सकाळ. वहिनी धपाट्याचं पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत हात भरलेले. फोन खिडकीत, लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज : “अगं, गॅसवाल्याचा कोड आलाय बघ. सांग जरा.” वहिनींनी मान वाकडी करून, एका बोटाच्या पेरानं स्क्रीन जागी केली आणि आकडे ओरडून सांगितले. सर म्हणाले, “बरं.” एवढंच. धपाटे झाले, दह्याबरोबर खाल्ले. सरांनी त्या दिवशी दोन जास्तच खाल्ले.

दुपारी भांडी घासताना वहिनींच्या लक्षात आलं की सिलेंडर तर आठ दिवसांपूर्वीच आलंय. आणि आजही काही आलेलं नाही. हात पुसून त्यांनी तो मेसेज नीट वाचला. त्यात गॅस हा शब्द कुठंच नव्हता. बदली हा शब्द होता.

इथं दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं. वहिनी परभणीच्या आहेत. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं मानणाऱ्या गावात वाढलेली बाई आवाज चढवत नाही, कागद बघते. सोमवारी शाळेतल्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः लॉगिन केलं. पसंतीचे जिल्हे : लातूर, धाराशिव, बीड, नांदेड. आपण कुठं कुठं राहायला तयार आहोत, हे त्यांना त्या दिवशी स्वतःच्याच अर्जातून कळलं. मुदत संपायला दोन दिवस होते. त्यांनी अर्ज मागं घेतला, प्रिंट काढली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. घरी जाऊन धपाटे की पिठलं एवढंच विचारलं.

सरांना पत्ता लागला तो मुदत संपल्यावर, दोन्ही अर्जांच्या प्रती फाइलला लावायला गेले तेव्हा. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसले. डबा उघडला नाही. बराच वेळ खडूचा तुकडा टेबलावर गोल गोल फिरवत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मला एक सांगा. एवढा मोठा निर्णय. दोघांच्या आयुष्याचा. असा परस्पर घेतात का कुठं?”

मी म्हटलं, “कुणाचं सांगता सर?”

“तिचं हो!”

त्यांचा चेहरा इतका खरा दुखावलेला होता की मला हसता येईना. माझ्या डब्यातली अर्धी पोळी त्यांना दिली. ती त्यांनी खाल्ली.

पुढं यादी लागली, तीत सरांचंही नाव नव्हतं. लातूरला त्यांच्या प्रवर्गात जागाच नव्हती. बिंदुनामावली बघायची राहिली, असं ते म्हणतात. मला वाटतं बघितली होती, पण माणूस स्वतःच्या अर्जाला वकील करत नाही. ते आता परत दुसऱ्यांचे अर्ज भरून देतात. “वहिनींना विचारलं का?” हा प्रश्न मात्र अलीकडं ऐकू येत नाही.

वहिनींच्या यादीत वरच्या दोन बाईंपैकी एक निवृत्त झाल्या, दुसऱ्यांची पदोन्नती झाली. आता नंबर वहिनींचा. मुख्याध्यापकाची जी जागा रिकामी आहे ती पालम तालुक्यात, म्हणजे सरांच्या शाळेपासून तीस किलोमीटर कितीतरी मागं पडतात. वहिनींनी होकार कळवलाय. दूधवाल्याला माहीत आहे, मला माहीत आहे. सरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.