तीस सेकंदांचे भाऊ

हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावात एक स्क्रिप्टवाले भाऊ असतात. पूर्वी ते लग्नपत्रिकेचा मजकूर लिहीत, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सचा, आता रीलचा लिहितात. माणूस तोच, मजकूर तेवढा आखूड झाला.

आमच्या बस स्टँडसमोर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान निघालं, तेव्हा मालक मजकूर घेऊनच भाऊंकडे आला. आधी गणेशवंदना, मग नगरसेवकांचे शुभहस्ते, सासऱ्यांचे आशीर्वाद, ‘एकदा अवश्य भेट द्या’ आणि वर ड्रोन शॉट. दुकान आठ बाय दहा! भाऊंनी स्टॉपवॉच लावून सगळं मोठ्यानं वाचलं. बावन्न सेकंद.

“वरची बावीस सेकंदं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सांगणार का?”

भाऊंचा हिशोब साधा आहे. सेकंदाला दोन शब्द, म्हणजे तीस सेकंदांत साठ. त्याहून जास्त कोंबले की भाजीचा लिलाव ऐकल्यासारखं वाटतं.

मालकाला ‘डिस्प्लेवर ५० टक्के सूट’ हवी होती. भाऊंनी तीही खोडली. डिस्प्लेचा भाव मॉडेलगणिक वेगळा, त्यात ओरिजिनल आणि कॉपी निराळे. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, यावर काउंटरवर रोज जुंपणार. त्यापेक्षा चार्जिंग पोर्टची सफाई फुकट द्या. पाच-दहा मिनिटांचं काम, पार्ट लागत नाही, आणि फोन हातात आला की फुगलेली बॅटरीही दिसते. इथे मालकाचे डोळे चमकले.

मग भाऊंनी लिहायला घेतलं. पहिली तीन सेकंदं: एक माणूस चार्जर वाकडा धरून श्वास रोखून बसलाय. “पिन अशी धरूनच चार्जिंग होतंय?” पुढची नऊ सेकंदं अवाक्षर नाही. बंद केलेल्या फोनच्या पोर्टमधून लाकडी काडीने खिशातल्या कापसाची गुठळी बाहेर येते, अगदी जवळून. (काडी लाकडीच. टाचणी दाखवली तर लोक घरी टाचणी घालतात आणि पोर्टचं वाटोळं करून आणतात.) नंतर ऑफर: “सोमवार ते रविवार पोर्टची सफाई मोफत. साफ करूनही पिन हलली, तर पोर्ट बदलावं लागेल. खर्च आधी सांगू.” शेवटी पत्ता, स्टँडच्या कोणत्या गेटासमोर तेही.

“तारीख ठळक टाका,” भाऊ म्हणाले. “नुसतं ‘या आठवड्यात’ लिहिलंत तर व्हिडिओ दिवाळीतही फिरेल आणि लोक फुकट मागायला येतील. शिवाय सगळं अक्षरांत हवं. एसटीत निम्मे लोक आवाज बंद करून बघतात.”

मालक तरी घुटमळला. “सासऱ्यांचं काय? दुकानाचं डिपॉझिट त्यांनी दिलंय.”

भाऊंनी पहिल्या तीन सेकंदांतल्या माणसापुढे ‘सासरे’ असं लिहिलं. सासरे लगेच तयार झाले. फक्त त्यांची एक अट होती: वाकडा चार्जर धरू, पण फोन आयफोन पाहिजे.